तुम्ही विचारलंत म्हणून: एका ओळीत दोन ‘ए’

“रेसी मॅट्रिक्समध्ये एका कामाला दोघंजण अकाउंटेबल लावलेत आणि दोघांपैकी कोणीच मागे हटत नाही, मग एकाचं नाव काढायचं कसं?”

रेसी मॅट्रिक्स म्हणजे कोणत्या कामात कोणाची काय भूमिका ते लिहिलेला तक्ता: आर, रिस्पॉन्सिबल, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा; ए, अकाउंटेबल, म्हणजे शेवटचा शब्द ज्याचा तो; सी, कन्सल्टेड, म्हणजे ज्याला विचारायचं तो; आणि आय, इन्फॉर्म्ड, म्हणजे ज्याला फक्त कळवायचं तो. आता तुमचा प्रश्न. आधी नाव काढूच नका, ती ओळ वाचा. माझ्या अनुभवात दोन ‘ए’ आले की बहुतेक वेळा माणसं चुकीची नसतात, ओळ फार जाड असते, म्हणजे एकाच कामाच्या नावाखाली दोनतीन वेगळे निर्णय कोंबलेले असतात आणि प्रत्येकाला आपला निर्णय दिसत असतो.

एक उदाहरण घेऊ. जुन्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचाय. शीटमध्ये ओळ आहे ‘डेटा मायग्रेशन’, सेल्स हेडसमोर ए, आयटी मॅनेजरसमोरही ए, डेटा ॲनालिस्ट आणि व्हेंडर आर, बाकी सगळे सी. कागदावर छान दिसतं. मग ॲनालिस्टला एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी सापडतात, पत्ते वेगवेगळे. सेल्स म्हणतं दोन्ही ठेवा, आयटी म्हणतं डुप्लिकेट आत येऊ देणार नाही, आणि ॲनालिस्ट बिचारा दोघांना मेल टाकून बसून राहतो, कारण दोघांपैकी कोणाचं ऐकलं तरी दुसरा विचारणार की मला न विचारता कसं केलंस.

अशा वेळी मी दोघांना समोरासमोर बसवून एकच विचारते: तुमचं मत वेगळं पडलं तर शेवटी कोणाचं चालणार? उत्तर झटकन एकाचं आलं तर तोच ए, दुसरा सी. “ते कशावर वाद आहे त्यावर अवलंबून” असं आलं तर ओळ फोडायची. आणि “मग वर जावं लागेल” असं आलं तर खरा ए वर बसलाय, तुम्ही त्याला शीटमध्ये लिहिलेलंच नाहीये.

आपल्या उदाहरणात ओळ फोडली की चार ओळी होतात. कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि डुप्लिकेटचा नियम काय, इथे ए सेल्स हेड, आर ॲनालिस्ट, आयटी सी. डेटा प्रत्यक्ष लोड करणं आणि फसलं तर जुन्या स्थितीला परत आणणं, इथे ए आयटी मॅनेजर, आर व्हेंडर, सेल्सला फक्त आय. लोड झालेला डेटा तपासून पास करणं, ए परत सेल्स हेड, आर त्यांच्या टीममधली माणसं. उरतं नवी सिस्टिम कधी सुरू करायची ते, आणि इथे मात्र कितीही फोडलं तरी वाद राहतो कारण सेल्सला तारीख हवी असते आणि आयटीला खात्री, म्हणून हा ए प्रोजेक्टच्या स्पॉन्सरकडे द्यायचा आणि दोघांना सी. ओळीचं नाव लिहिताना त्यात क्रियापद आलं पाहिजे, ‘ठरवणं’, ‘पास करणं’, ‘लोड करणं’, नुसतं ‘डेटा’ किंवा ‘टेस्टिंग’ लिहिलं की परत दोन ए घुसतातच.

आता हटायला तयार नसतात त्याचं खरं कारण. लोकांना वाटतं ए गेला म्हणजे आपल्याला कोणी विचारणार नाही, आणि ही भीती खोटी नाहीये, कारण बऱ्याच टीममध्ये सी म्हणजे निर्णय झाल्यावर पाठवलेला मेल असतो, जो खरं तर आय आहे. म्हणून शीटच्या वरच लिहून टाका की सी म्हणजे निर्णयाच्या आधी विचारायचं, मत लिहून ठेवायचं, आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर ए पुढे जाऊ शकतो. हे वाक्य आलं की निम्मी ओढाताण संपते, हे मी अनेकदा बघितलंय. पण त्याच्याबरोबर सी कमीही करा, सगळ्यांना सी दिलं की प्रत्येक निर्णयाला मीटिंग लागते.

उलटी चूकही बघा, ए एकच आहे पण त्याच्या हातात काहीच नाही. ज्युनिअर कोऑर्डिनेटरला ए दिलाय आणि काम थांबवायचा किंवा परत करायला लावायचा अधिकार नाही, तर तो आर आहे, ए नाही. एकच माणूस ए आणि आर दोन्ही असणं मात्र चालतं, छोट्या टीममध्ये तसंच असतं.

ओळी वाढल्या की डोळ्यांनी तपासू नका. नावं बी ते जी कॉलममध्ये असतील तर शेवटच्या कॉलममध्ये हे टाका:

```
=COUNTIF(B2:G2,"*A*")
```

ए आणि आर एकाच खान्यात लिहिलेले असले तरी हे मोजतं. उत्तर 1 सोडून काहीही आलं तर ती ओळ उघडा, 0 असेल तर कोणीच मालक नाही आणि 2 असतील तर वरचा प्रश्न विचारा. मग शीट उभी वाचा, एकाच कॉलममध्ये जवळजवळ सगळे ए दिसले तर तो माणूस सुट्टीवर गेला की प्रोजेक्ट थांबणार, त्याच्याकडचे एकदोन निर्णय आत्ताच दुसऱ्याला द्या.