रांजण, ओली चिंधी आणि कूलिंग टॉवर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कडुनिंबाच्या सावलीला पिण्याच्या पाण्याचा रांजण असे. एप्रिलच्या भर दुपारी चटके देणारा वारा सुटला की त्यातले पाणी गार लागे, आणि श्रावणात हवा थंड असूनही ते तितके गार होत नसे. असे का, हे मी विचारले, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून ती वाऱ्यात धरायला लावली. पारा ४१ अंशांवरून २२ पर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. हवा जितकी कोरडी तितका तो खाली जातो, हे त्या दिवशी समजले. पारा जिथे थांबतो त्या तापमानाला ‘वेट बल्ब तापमान’ म्हणतात, हे पुढे नोकरीत कळले.

एका औष्णिक वीज केंद्रात मी कूलिंग टॉवरवर काम केले. टर्बाइनमधून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधून तापून आलेले पाणी टॉवरमध्ये नोझलांतून फवारले जाते, फिल नावाच्या जाळीदार भरावावर पातळ पसरत खाली येते आणि पंख्याने ओढलेली हवा त्यातून वर जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात; त्यातून सुटून वाफ होणारे कण सर्वांत जास्त ऊर्जेचे असतात आणि ती ऊर्जा ते मागे उरलेल्या पाण्यातून घेऊन जातात. एक किलो पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता जाते, तर एक किलो पाणी एक अंशाने निववायला जेमतेम ४.२ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणून शंभर लिटरांतले पावणेदोन लिटर उडाले, तरी उरलेले पाणी सुमारे दहा अंशांनी उतरते.

आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक म्हणजे रेंज, आणि बाहेर पडणारे पाणी वेट बल्बच्या जितके वर राहते तो अ‍ॅप्रोच. एका ऑगस्टमध्ये गार पाण्यावर टिकणारे कंडेन्सरचे व्हॅक्युम, म्हणजे आतली निर्वात स्थिती, घसरू लागले आणि सगळ्यांनी दमट हवेला दोष दिला. मी आकडे मांडले: वेट बल्ब २७, येणारे पाणी ४५, जाणारे ३५. टॉवरची रचना वेट बल्ब २७ असतानाच ४२ अंशांचे पाणी ३२ वर आणण्यासाठी होती, म्हणजे हवेचा दोष नव्हता. रेंज दोन्हीकडे दहाच, कारण ती उष्णतेच्या भारावर आणि पाण्याच्या प्रवाहावर ठरते. टॉवर बिघडला तरी ती तशीच राहते, म्हणून नुसत्या रेंजकडे पाहणारा फसतो. अ‍ॅप्रोच मात्र पाचाचा आठ झाला होता.

वर चढून पाहिले, तर कित्येक नोझलांतून फवाऱ्याऐवजी सरळ धार पडत होती आणि फिलवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. पाणी उडते, क्षार मागेच राहतात. त्यासाठी थोडे पाणी सतत बाहेर सोडून ताजे घ्यावे लागते आणि तिथेच कसूर झाली होती. नोझल साफ केल्यावर आणि खराब फिल बदलल्यावर अ‍ॅप्रोच साडेपाचावर आला. सर दर उन्हाळ्याला नवा रांजण का आणवत, हे मला त्या टॉवरवर उभे असताना उमगले: जुन्याची छिद्रे आमच्या विहिरीच्या जड पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असत आणि तो झिरपत नसे.