व्ही-खाचेचा अर्धकोन: वरची रुंदी आणि खोली मोजून काढताना आलेला माझा अनुभव

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये गोल रॉड धरायचा एक जुना व्ही-ब्लॉक होता. त्याच्या जोडीचा दुसरा बनवायचा होता, कारण लांब रॉड दोन ब्लॉकांवर आडवा ठेवून त्यात भोकं पाडायची होती. ड्रॉइंग नव्हतं. खाच शेपरवर काढायची, आणि शेपरचं हेड उभ्या रेषेपासून जितकं कलवायचं तो कोन म्हणजेच खाचेचा अर्धकोन. म्हणून पूर्ण कोनापेक्षा मला अर्धाच हवा होता.

सूत्र शाळेतलं आहे. खाचेच्या मधून उभी रेषा काढली की दोन काटकोन त्रिकोण होतात. प्रत्येकाची समोरची बाजू वरच्या रुंदीच्या अर्धी आणि लगतची बाजू म्हणजे खोली.

```
tan α = W / (2 × D)
```

इथे W वरची रुंदी, D खोली आणि α अर्धकोन. बरेच जण W भागिले D करून उलटा टॅन घेतात आणि आलेल्या कोनाला दोनने भागतात. ते चालत नाही. खाच 20 रुंद आणि 10 खोल असेल तर खरा अर्धकोन 45° आहे. चुकीच्या रीतीने उलटा टॅन 2 म्हणजे 63.43° येतो आणि त्याचा अर्धा 31.7°. अर्धी करायची ती रुंदी, कोन नव्हे.

खरी मेहनत सूत्रात नाही, W आणि D मोजण्यात आहे.

रुंदी मोजायला हात पहिल्यांदा व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांकडे जातो. पण खाचेच्या भिंती आत उतरत जातात, त्यामुळे जबड्यांची टोकं काठावर न टेकता काठाच्या खाली टेकतात. 60° च्या खाचेत टोक फक्त अर्धा मिलिमीटर आत गेलं तरी वाचन 0.58 मिमी कमी येतं. दाबाल तसं टोक आणखी घसरतं आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा मिळतो. तीन वेळा मोजून तीन आकडे आले तर दोष व्हर्नियरचा नाही, पद्धतीचा आहे हे समजायचं.

मी आधी वरच्या पृष्ठावर तेलाचा दगड हलक्या हाताने फिरवून बर काढली. मग पृष्ठावर निळा रंग लावला, म्हणजे काठाची रेषा स्पष्ट दिसते. ब्लॉक सरफेस प्लेटवर कुशीवर ठेवला, हाइट गेजच्या स्क्राइबरची धार भिंगातून बघत आधी खालच्या काठाशी आणि मग वरच्या काठाशी जुळवली. वाचनं आली 14.98 आणि 55.04. फरक 40.06 मिमी, हाच W. बर काढताना काठ गोल होऊ देऊ नका. काठावर दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर असेल तर W एक मिलिमीटर जास्त येतो आणि अर्धकोन सुमारे 0.6° ने फुगतो.

खोलीची फसवणूक वेगळी. डेप्थची पट्टी 3 मिमी रुंद असेल तर ती 60° च्या खाचेच्या तळाला पोहोचतच नाही. भिंतींमध्ये अडकते आणि टोकाच्या 2.6 मिमी आधीच थांबते. पट्टी आत गेली आणि कशाला तरी टेकली एवढ्यावर विश्वास ठेवू नये. मी हाइट गेजवर डायल बांधला, त्याला सुईसारखा पॉइंट लावला. आधी वरच्या पृष्ठावर डायल शून्य करून हाइट गेज वाचला. मग तळातला सर्वांत खोल बिंदू पुढे-मागे हलवून शोधला, डायल पुन्हा शून्यावर आणला आणि परत वाचला. फरक 33.70 मिमी.

आता सूत्रात घातलं. 40.06 भागिले 67.40 म्हणजे 0.5944, आणि उलटा टॅन घेतला तर 30.725°. म्हणजे पूर्ण कोन 61.45°. इथे मला थांबावं लागलं, कारण 61.45° ची खाच सहसा कोणी मुद्दाम बनवत नाही. तशी मोजमापात 0.1 मिमीची चूक झाली तर अर्धकोन साधारण 4 मिनिटांनी हलतो. नेहमीच्या 30° पासूनचा 0.725° चा फरक म्हणजे 43.5 मिनिटं. एवढा फरक मोजणाऱ्या हाताचा नसतो, खाचेत काहीतरी वेगळं असतं.

कॅल्क्युलेटरचा विषय इथेच संपवतो. उलटा टॅन 1 टाइप करा, 45 यायला हवं. 50 आलं तर मशीन ग्रॅडवर आहे. ही चूक घातक अशासाठी की आमच्या आकड्याला ते 34.14 दाखवतं, जे खऱ्या कोनासारखंच वाटतं. रेडियनवर असेल तर 0.536 येतं, ते निदान लगेच खटकतं. आणि 30.725 म्हणजे 30° 43.5′, 30° 72′ नव्हे.

आकडा फुगला होता तो तळामुळे. खाच ज्या टूलने काढली त्याला टोकाला गोलाई होती, म्हणून खाचेचा तळ टोकदार नसून गोल होता. सूत्रातला D हा दोन भिंती जिथे मिळाल्या असत्या त्या काल्पनिक टोकापर्यंतचा आहे, आणि सुई टेकते गोलाईच्या तळाला. ती गोलाई काल्पनिक टोकाच्या वर राहते. गोलाईची त्रिज्या r असेल तर हरवलेली खोली इतकी:

```
r × (1 / sin α − 1)
```

गोलाईचा मध्य टोकापासून r भागिले sin α इतका वर असतो, आणि त्यातून खालची त्रिज्या वजा केली की हे सूत्र मिळतं. रेडियस गेजने तळ पाहिला, 1 मिमीचं पान बसलं. पण यात एक गोची आहे: कोन काढण्यासाठी खोली हवी आणि खोली दुरुस्त करण्यासाठी कोन हवा. उपाय सोपा आहे. आलेला 30.725° तात्पुरता धरला तर हरवलेली खोली 0.957 मिमी, नवी खोली 34.657 आणि कोन 30.03°. हाच कोन परत घातला तर हरवलेली खोली 0.998, खोली 34.70 आणि कोन 29.996°. तिसऱ्या फेरीत आकडा हलत नाही. अर्धकोन 30°, पूर्ण 60°. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे 60° च्या खाचेत sin 30° अर्धा असल्यामुळे हरवलेली खोली त्रिज्येइतकीच असते.

तळाला गोलाईऐवजी रिलीफचा उभा खोबणा असेल तर चूक उलट दिशेने जाते. सुई काल्पनिक टोकाच्याही खाली उतरू शकते आणि कोन लहान येतो. तिथे तळापर्यंतच्या खोलीचा काही उपयोग नाही.

म्हणूनच काठ आणि तळ दोन्हींवर अवलंबून नसलेली एक तपासणी मी नेहमी करतो. 10 मिमी आणि 30 मिमी व्यासाच्या दोन डॉवेल पिना घेतल्या, ब्लॉकपेक्षा लांब, म्हणजे टोकं बाहेर राहतात आणि त्यावर डायल सहज टेकतो. दोन्हींचा व्यास मायक्रोमीटरने मोजून घेतला. ब्लॉक सरफेस प्लेटवर उभा ठेवून एकेक पिन खाचेत बसवली आणि तिच्या माथ्याची उंची वाचली: लहान पिन 40.30, मोठी 70.30. फरक 30.00. त्रिज्यांचा फरक 10. मग

```
sin α = 10 / (30.00 − 10) = 0.5
```

अर्धकोन पुन्हा 30°. पिना भिंतींच्या मधल्या भागाला टेकतात, त्यामुळे काठावरचा चॅम्फर आणि तळाची गोलाई यात येतच नाहीत. पण उंचीचं वाचन नीट हवं, फरकात 0.02 मिमी चुकलं तर कोन 2 मिनिटांनी बदलतो. पिन बसवताना बोटाने फिरवून बघायची. खाली एखादं कातरण राहिलं असेल तर ती किरकिरते.

मे महिन्यात शेडचे पत्रे तापले की शेजारचे एक भाऊ विचारतात, "एवढ्या उन्हात मोजून कोन बरोबर येते का जी?" येतो. ब्लॉक सगळीकडे सारखाच तापला असेल तर रुंदी आणि खोली एकाच प्रमाणात वाढतात आणि भागाकार तोच राहतो. गेज आणि ब्लॉक यांच्यात 20° चा फरक असला तरी 40 मिमीवर जेमतेम शतांश मिलिमीटर पडतो.

एक गोष्ट मात्र रुंदी-खोलीच्या सूत्राला कधीच कळत नाही: खाच तिरकी आहे का. समजा एका बाजूचा कोन 28° आणि दुसऱ्याचा 32° आहे. सूत्र तुम्हाला 30.04° देईल आणि पिनांच्या तपासणीतही 30° येईल. दोन्ही उत्तरं छान, आणि रॉड मात्र मध्यावर बसणार नाही. यासाठी ब्लॉक परत कुशीवर ठेवतो, पिन खाचेत क्लॅम्पने दाबून धरतो आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकाच्या माथ्याची उंची वाचतो. त्यातून पिनची त्रिज्या वजा केली की मध्याची उंची मिळते. लहान आणि मोठ्या पिनचे मध्य एकाच उंचीला आले पाहिजेत. 28° आणि 32° च्या खाचेत ते 0.70 मिमीने सरकलेले दिसतात. आमच्या ब्लॉकमध्ये फरक 0.02 च्या आत होता, म्हणजे दोन्ही बाजू 30° धरायला हरकत नव्हती.

पहिला 30.725° तसाच वापरून, वरची रुंदी 40.06 ठेवून ब्लॉक काढला असता, तर 30 मिमीचा रॉड त्यात जुन्या ब्लॉकपेक्षा 0.36 मिमी वर बसला असता. दोन ब्लॉकांवर आडवा रॉड तेवढा कलला असता, आणि भोकं तिरकी पडली असती.

शेपरवर हेड आधी एका बाजूला 30° कलवून एक भिंत काढली, मग दुसऱ्या बाजूला 30°. दर वेळी क्लॅपर बॉक्सही फिरवला, म्हणजे परतीच्या फेरीत टूल भिंतीला घासणार नाही. नव्या ब्लॉकची खोली जुळवताना तळाची खोली बघितली नाही. 30 ची पिन बसवून माथा 70.30 ला येईपर्यंत थोडं थोडं कापत गेलो.