तीन अंकी बीसीडी वजाबाकी: फिरून येणारा हातचा कुठे तोडायचा

बेरजेचा बोर्ड तयार होता, आता त्यावर वजाबाकी चढवली आहे. आधी काय होतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक अंकाला दोन 74HC283 आहेत. पहिली चिप दोन अंकांची साधी बायनरी बेरीज करते आणि ती ९ च्या वर गेली की दुसरी त्यात ६ मिळवते. ६ मिळवायचे की नाही हे ठरवणारी ओळच पुढच्या अंकाचा हातचा असते:

```
K = C4 + S8*S4 + S8*S2
```

वजाबाकीसाठी वेगळा वजाबाकीकार बांधायचा नव्हता, म्हणून नऊचा पूरक घेतला. अंक n असेल तर त्याचा पूरक ९−n. बीसीडीत हे फार स्वस्तात होतं. M ही ‘वजा करा’ ओळ धरली तर एका अंकाला तीन एक्सॉर, दोन अँड आणि एक नॉर पुरतं:

```
P1 = A1 ^ M
P2 = A2
P4 = A4 ^ (A2*M)
P8 = A8 ^ (M * ~(A4+A2))
```

३ घालून पाहा. ००११ चा शेवटचा बिट उलटतो, दोनाचा बिट तसाच राहतो आणि चाराचा बिट चढतो, म्हणजे ०११०, सहा. M शून्य असेल तर अंक जसाच्या तसा पुढे जातो. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी एकाच वायरिंगवर चालतात.

आता पाठ्यपुस्तकातली रीत. ५३२ मधून १८७ वजा करायचे आहेत. १८७ चा पूरक ८१२. एककात २ आणि २ चार, दशकात ३ आणि १ चार, शतकात ५ आणि ८ तेरा. तेरा म्हणजे ११०१. S8 आणि S4 दोन्ही १ असल्यामुळे K एक होतो, ६ मिळतात, उरतात ३ आणि एक हातचा बाहेर पडतो. समोर ३४४ दिसतात, उत्तर मात्र ३४५ हवं. एक कमी पडतो, कारण १८७ वजा करण्याऐवजी आपण ९९९−१८७ मिळवले. म्हणजे ९९९ जास्त धरले. हातचा टाकून दिला की १००० कमी होतात, हिशेबात १ चा फरक राहतो. तोच बाहेर पडलेला हातचा फिरवून एककाच्या हातच्यात घातला की ३४५ येतात. यालाच एंड-अराउंड कॅरी म्हणतात. हातचा बाहेर पडलाच नाही तर उत्तर ऋण असतं आणि पूरक रूपात असतं. १८७ मधून ५३२ काढताना १८७ + ४६७ = ६५४ येतात, हातचा नाही. ६५४ चा पूरक ३४५, त्यापुढे वजा.

दहाचा पूरक घेतला तर हा फेरा लागत नाही, एककात कायमचा १ दिला की झालं. पण मग ऋण उत्तर सरळ करताना पुन्हा १ मिळवावा लागतो, म्हणजे अ‍ॅडरमधून दुसरी फेरी. नऊच्या पूरकात मागची पायरी नुसत्या गेटांवर भागते. म्हणून मी नऊलाच चिकटून राहिलो.

शतकाचा K थेट एककाच्या C0 ला जोडला की एक प्रश्न पडतो: हातचा गोल गोल फिरत राहील का? एका अंकाच्या जागी दोन अंकांची बेरीज १० किंवा जास्त असेल तर हातचा निघणारच, आत काही येवो न येवो. ८ किंवा कमी असेल तर निघणार नाहीच. म्हणजे अशी एक जागा जरी असली तरी साखळी तिथे तुटते आणि फेरा थांबतो. आलेला हातचा जसाच्या तसा पुढे ढकलणारी बेरीज एकच, बरोबर ९.

आणि A मधून B वजा करताना दोन्ही संख्या समान असल्या की तिन्ही जागी बरोबर ९ च येतात. ३४५ + ६५४ = ९९९. आत ० असेल तर प्रत्येक जागी १००१ राहतं, K शून्य, आत परत ० च येतो. आत १ असेल तर १००१ चं १०१० होतं, S8 आणि S2 मुळे K एक होतो, ६ मिळून ०००० उरतं, आणि आत परत १ च येतो. दोन्ही अवस्था स्थिर आहेत. सगळी गेटं साधी कॉम्बिनेशनल असली तरी हा फेरा त्या क्षणी चक्क लॅच असतो. यापूर्वी काय होतं ते तो लक्षात ठेवतो.

हे बोर्डावर स्वच्छ दिसतं, फक्त तपासताना एका वेळी एकच बिट बदलायला हवा. थंबव्हील फिरवताना मधल्या क्षणी कुठलाही कोड येऊन जाऊ शकतो, म्हणून मी एककाचा बिट साध्या स्विचवर घेतला. A ३४५ वर ठेवून B ३४४ वरून ३४५ केला: आधी हातचा होता, तो राहिला, डिस्प्लेवर ०००. B ३४५ वर ठेवून A ३४४ वरून ३४५ केला: आधी हातचा नव्हता, आत ९९९, बाहेर वजा ०००. संख्या त्याच, उत्तरं दोन. फेरा असा मोकळा असताना त्यातून एखादा छोटा पल्स थोडा वेळ घिरट्या घालण्याची शक्यताही उरते.

म्हणून फेरा 74HC74 ने तोडला. शतकाचा K फ्लिपफ्लॉपच्या D ला, Q एककाच्या C0 ला. प्रत्येक हिशेबाआधी क्लिअर, त्यामुळे पहिली बेरीज आत ० ठेवून होते. मग एक क्लॉक, की निघालेला हातचा पकडला जातो आणि १ मिळतो. क्लिअरची पायरी गाळता येत नाही. Q वर जुना १ शिल्लक असताना समान संख्या आल्या तर ९९९ मध्ये तो मिळतो, पुन्हा K एक होतो, आणि क्लॉक कितीही दिले तरी तो १ हलत नाही.

उत्तर आता ठाम आलं, पण ठाम वजा शून्य. हातचा नाही, म्हणून ऋण. शून्य ओळखून वजाचा दिवा विझवायला बारा इनपुटांचा नॉर लावता आला असता. त्यापेक्षा पूरकाची जागा बदलणं मला फार आवडलं: B ऐवजी A चा पूरक घ्यायचा, त्यात B मिळवायचा. पास्कालच्या सतराव्या शतकातल्या गणकयंत्राची चाकं एकाच दिशेने फिरत, तिथे वजाबाकी अशीच होई. मोठी संख्या पूरकाच्या खिडकीत लावायची, दुसरी मिळवायची आणि उत्तर पूरकाच्याच खिडकीतून वाचायचं.

५३२ − १८७ आता असं होतं: ४६७ + १८७ = ६५४, हातचा नाही, पूरक ३४५, धन. उलट बाजूने १८७ − ५३२: ८१२ + ५३२ = १३४४, हातचा पकडून ३४५, ऋण. समान संख्यांना ६५४ + ३४५ = ९९९, हातचा नाही, पूरक ०००, धन. वजा शून्य कुठून येणारच नाही. शिवाय Q हीच चिन्हाची ओळ झाली. तिच्यावर वजाचा दिवा, आणि तीच उलटी करून शेवटच्या पूरक गेटांना M म्हणून दिली.

बेरजेच्या वेळी मात्र हे सगळं बंद राहिलं पाहिजे. D ला जाणारा K आणि शेवटच्या पूरकाची ओळ, दोन्ही मूळच्या ‘वजा करा’ ओळीशी अँड केल्या आहेत. नाहीतर ६०० + ५०० चा हातचा फिरून येऊन १०१ दाखवतो. बेरजेत तो हातचा चौथ्या अंकाच्या जागी जायला हवा. तिथे सध्या एक एलईडी आहे, पुढच्या टप्प्यात डिस्प्लेचा चौथा अंक बसेल.