चॅटवरचे ५,४०० आणि क्रेडिट नोटवरचे ६,३७२

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी हिशेब पाहते. आम्ही लोखंडी ब्रॅकेट तयार करतो आणि त्यांतले बरेचसे चाकणच्या एका कंपनीला जातात. गेल्या वर्षी जूनमध्ये त्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या मॅडमनी आमच्या एका बिलात जुना दर लागल्याचे दाखवून दिले. विक्री पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर लगेच चूक कबूल केली आणि माझ्या टेबलाशी येऊन, "तेवढा मेल टाकून द्या, सगळं चॅटमध्ये आहेच," असे सांगून ते निघून गेले. वरवर पाहता काम पाच मिनिटांचे होते, परंतु त्यात माझे दोन दिवस गेले.

चॅटमधला मजकूर असा होता:

"मॅडम, चेक केलं. आमच्याकडूनच चुकलंय, जुना रेट लागलाय. सॉरी. ते बिल कॅन्सल करून नवीन देतो, नाहीतर ५४००ची क्रेडिट नोट टाकतो. जुन्या रेटने गेलेली सगळी बिलं क्लिअर करून देतो, काळजी नको."

त्यावर मॅडमचे उत्तर होते: "ओके. पण मेल करा, अकाउंट्सला लागतं."

एकमेकांना ओळखणाऱ्या दोन माणसांमध्ये एवढे बोलणे पुरते. त्याच्या आधारे नोंद करणाऱ्या तिसऱ्या माणसाला मात्र ते पुरत नाही. मी कागद काढून बसले तेव्हा लक्षात आले की या पाच वाक्यांत एक कबुली आणि तीन आश्वासने आहेत, आणि त्या तिन्ही आश्वासनांपैकी एकही जसेच्या तसे मेलमध्ये लिहिता येणार नाही.

पहिले आश्वासन बिल रद्द करण्याचे. आमचे बिल ६ मे २०२५ चे, क्रमांक TI/25-26/118, आणि चॅट झाले १७ जूनला. आम्हाला ई-इन्व्हॉइस लागू आहे आणि पोर्टलवरून मिळालेला आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, फक्त चोवीस तासांच्या आत रद्द करता येतो. शिवाय मे महिन्याच्या विक्रीचे जीएसटीआर-१ विवरणपत्र ११ जूनलाच भरून झाले होते, माल पोचून वापरातही आला होता आणि त्या बिलावरचा कर चाकणच्या कंपनीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या यादीत, दिसत होता. अशा वेळी मूळ बिल तसेच ठेवून, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जादा लावलेल्या रकमेपुरती क्रेडिट नोट काढणे हाच सरळ मार्ग असतो. म्हणजे "कॅन्सल करून नवीन देतो, नाहीतर" यातला पर्याय मेलमधून काढून टाकायला हवा होता. मी तो नुसता गाळला असता, तर चॅट वाचलेल्या मॅडम नव्या बिलाची वाट पाहत राहिल्या असत्या. त्यामुळे नवे बिल येणार नाही हे स्पष्ट लिहिणे भाग होते.

दुसरे आश्वासन ५,४०० रुपयांचे. बिलात १,२०० नगांना प्रतिनग ४६.५० रुपये लागले होते आणि ठरलेला नवा दर होता ४२ रुपये. साडेचार रुपयांचा फरक गुणिले बाराशे म्हणजे ५,४०० हे बरोबर आहे, पण ती करापूर्वीची रक्कम झाली. त्यावर आम्ही नऊ टक्के सीजीएसटी आणि नऊ टक्के एसजीएसटी घेतला होता, म्हणजे ४८६ आणि ४८६ असे ९७२ रुपये. एकूण जादा लागलेली रक्कम ६,३७२ रुपये. मी ती दुसऱ्या बाजूनेही पडताळली. मूळ बिल ६५,८४४ रुपयांचे होते, ४२ च्या दराने तेच बिल ५९,४७२ चे झाले असते आणि या दोहोंतला फरक ६,३७२ येतो. दोन्ही वाटांनी एकच आकडा येईपर्यंत क्रेडिट नोटच्या खिडकीत हात घालायचा नाही, ही माझी जुनी सवय आहे.

तिसरे आश्वासन "सगळी बिलं" दुरुस्त करण्याचे, आणि मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटली. चाकणच्या कंपनीच्या सुधारित खरेदी आदेशात नवा दर १ मे पासून लागू आहे असे लिहिलेले होते. मी त्या ग्राहकाची एप्रिलपासूनची सगळी बिले उघडून पाहिली. जुन्या दराचे आणखी एकच बिल निघाले, TI/25-26/097, परंतु ते २८ एप्रिलचे होते, म्हणजे त्याला जुना दर बरोबरच होता. आमच्या सहकाऱ्याच्या वाक्याचा अक्षरशः अर्थ घेतला असता तर या बिलावरही पैसे परत मागता आले असते, आणि मागणारा खोटे बोलतो आहे असेही म्हणता आले नसते.

मसुदा मालकांना दाखवला तेव्हा त्यांनी सुचवले, "चूक वगैरे कशाला लिहिता, डिस्काउंट दिला म्हणा. बरं दिसतं." त्यांचा हेतू मला समजत होता, पण विक्रीनंतरच्या सवलतीचे नियम वेगळे होते. अशी सवलत करपात्र मूल्यातून वजा करायची, तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी झालेल्या कराराप्रमाणे असावी लागत होती आणि तिचा संबंधित बिलांशी संबंध दाखवता यावा लागत होता. आमच्याकडे सवलतीचा असा कोणताही करार नव्हता, चुकलेला दर मात्र नक्की होता. टॅलीमध्ये क्रेडिट नोटचे कारण निवडावे लागते, तिथे मी `04-Correction in Invoice` निवडले होते. मेलमध्ये सवलत आणि कागदावर दुरुस्ती, असे दोन ठिकाणी दोन सूर लागले असते. मालकांनी थोडा विचार केला आणि "मग चूकच लिहा, पण एकदाच लिहा," असे सांगितले. ही सूचना मला पटली. माझ्या पहिल्या मसुद्यात दिलगिरी तीन वेळा होती आणि क्रेडिट नोटचा क्रमांक एकदाही नव्हता.

क्रेडिट नोट मी १८ जूनला काढली आणि तिचा आयआरएन घेतला. नोंद करताना रक्कम `Agst Ref` वापरून ११८ क्रमांकाच्या बिलासमोरच वळवली, कारण ती खात्यावर मोकळी सोडली की येणे बाकीच्या यादीत बिल पूर्ण रकमेने उभे राहते आणि उधारीची आठवण करणारा मुलगा पुन्हा ६५,८४४ मागत बसतो. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख क्रेडिट नोटवर छापली गेली आहे ना, हेही पाहून घेतले. त्यानंतर पाठवलेला मेल असा होता:

"विषय: बीजक क्र. TI/25-26/118 मधील दराची दुरुस्ती, क्रेडिट नोट क्र. CN/25-26/007, रु. ६,३७२

महोदया,

आमच्या दि. ६ मे २०२५ च्या वरील बीजकात १,२०० ब्रॅकेटसाठी प्रतिनग रु. ४६.५० असा दर लागला आहे. आपल्या सुधारित खरेदी आदेशानुसार १ मे २०२५ पासून हा दर रु. ४२ आहे. नवा दर आमच्या प्रणालीत भरायचा राहून गेल्यामुळे ही चूक आमच्याकडून झाली. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

दुरुस्तीसाठी दि. १८ जून २०२५ रोजी काढलेली क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. तीत करपात्र मूल्य रु. ५,४००, सीजीएसटी रु. ४८६, एसजीएसटी रु. ४८६ आणि एकूण रु. ६,३७२ दाखवले आहेत. मूळ बीजक कायम असून ते रद्द केलेले नाही व त्याऐवजी नवे बीजक दिले जाणार नाही. मूळ रक्कम रु. ६५,८४४ मधून क्रेडिट नोट वजा जाता या बीजकापोटी रु. ५९,४७२ देय राहतात.

ही क्रेडिट नोट आमच्या जून महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवली जाईल. मूळ बीजकावरील कराचे क्रेडिट आपण घेतले असल्यास त्यातील रु. ९७२ कृपया कमी करावेत.

दि. २८ एप्रिलचे बीजक क्र. TI/25-26/097 नवा दर लागू होण्यापूर्वीचे असल्याने त्यात बदल नाही.

दि. १७ जून रोजी व्हॉट्सॲपवर झालेल्या बोलण्याऐवजी हा तपशील अंतिम मानावा, ही विनंती."

शेवटच्या वाक्यावर सहकारी जरा नाराज झाले. आपल्याला खोटे पाडल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु चॅट अजून मॅडमच्या फोनमध्ये होते आणि त्यातला आकडा मेलमधल्या आकड्याशी जुळत नव्हता, तेव्हा दोहोंपैकी कोणता धरायचा हे कोणीतरी लिहून ठेवणे आवश्यक होते. चॅटचे चित्र मात्र मी मेलला जोडले नाही. सोबत गेलेला प्रत्येक कागद हिशेबाचा पुरावा म्हणून वाचला जातो, आणि त्या चित्रात "सगळी बिलं" हे शब्द होतेच.

एवढे करूनही एक गोष्ट माझ्याकडून सुटली. दोन दिवसांनी त्यांच्या लेखा विभागातून फोन आला की आमच्या खात्यात त्यांना ५४,०७२ रुपयेच देणे दिसते आहे. आकडा चमत्कारिक वाटला, म्हणून मी ५९,४७२ मधून तो वजा करून पाहिला आणि उत्तर आले ५,४००. मॅडमनी चॅट वाचून त्याच दिवशी आपल्या लेखा विभागाला कळवले होते आणि त्यांनी ५,४०० ची डेबिट नोट आपल्या वहीत टाकून दिली होती. नंतर आमची ६,३७२ ची क्रेडिट नोटही नोंदली गेली आणि एकाच चुकीसाठी दोनदा वजावट झाली. ग्राहकाने काढलेली अशी डेबिट नोट ही त्यांच्या वहीतली नोंद असते. विक्रेत्याचा कर कमी होतो तो त्याने स्वतः काढलेल्या क्रेडिट नोटने. त्यांनी आपली डेबिट नोट उलटवावी आणि आमचीच ठेवावी, असे मी फोनवर सांगितले आणि लगेच त्याच मेलच्या उत्तरात लिहूनही पाठवले. या रकमेसाठी आपण आधीच काही नोंद केली असल्यास ती उलटवावी, हे वाक्य आता माझ्या अशा प्रत्येक मेलमध्ये असते.

पुढचे टप्पे शांतपणे पार पडले. ११ जुलैपूर्वी जून महिन्याचे जीएसटीआर-१ भरले, त्यात क्रेडिट नोट नोंदणीकृत ग्राहकांच्या ९बी तक्त्यात गेली. चाकणच्या लेखा विभागाला मी एवढेच सांगून ठेवले होते की पोर्टलवर आलेली कागदपत्रे स्वीकारण्या-नाकारण्याच्या आयएमएस या सोयीमध्ये ती समोर आल्यावर नाकारू नका, कारण त्यांनी नाकारली असती तर कमी झालेला कर पुन्हा आमच्या अंगावर आला असता. १४ जुलैनंतर त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती दिसल्याचा निरोप आला आणि त्याच आठवड्यात ५९,४७२ रुपये बँकेत जमा झाले. ०९७ क्रमांकाच्या बिलाबद्दल कोणीही विचारले नाही.