तेरावा प्रश्न

तेरावा प्रश्न मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो दोन ओळींचा होता: ज्या चौकोनाचे कर्ण परस्परांचे लंबदुभाजक असतात, पण एकरूप असतातच असे नाही, तो चौकोन कोणता? पर्याय चार होते, आयत, समभुज चौकोन, चौरस आणि पतंग. छापील पुस्तिकेत मात्र तो एका ओळीत मावला, कारण ‘पण एकरूप असतातच असे नाही’ हा तुकडा मी स्वतःच्या हाताने कापला होता. त्या कापलेल्या तुकड्याने एका मुलाच्या पहिल्याच बहुपर्यायी परीक्षेचे काय केले, ते मला अजून नीटसे पचलेले नाही.

आमच्या शाळेत दहावीच्या वर्गासाठी गणिताचा बहुपर्यायी पेपर प्रथमच घ्यायचे ठरले आणि तो काढण्याचे काम माझ्याकडे आले. 40 प्रश्न, 60 मिनिटे, बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. बाहेरच्या माणसाला वाटते की असा पेपर काढणे सोपे असते, कारण उत्तर तर आपल्याला ठाऊकच असते. प्रत्यक्षात बरोबर उत्तर लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि उरलेली तीन चुकीची उत्तरे शोधण्यात संध्याकाळ जाते. चुकीचा पर्याय हा मुलांच्या खऱ्या चुकीतून यावा लागतो. किंमत आधी 20 टक्क्यांनी वाढली व मग 20 टक्क्यांनी कमी झाली तर एकूण काय झाले, या प्रश्नात ‘काहीच बदल नाही’ हा पर्याय ठेवावाच लागतो, कारण निम्मा वर्ग तसाच विचार करतो. आणि ‘4 टक्के वाढ’ हाही ठेवावा लागतो, कारण आकडा बरोबर काढून चिन्हाशी गफलत करणारी मुले असतात. आमच्यातले काही जण तीन पर्याय विचारपूर्वक लिहितात आणि चौथ्या जागी कोणीही निवडणार नाही असे काहीतरी टाकतात. असा प्रश्न चार पर्यायांचा दिसतो, पण असतो तीन पर्यायांचा. मी तसे केले नव्हते. बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब होऊ नये हे पाहिले होते, अ, ब, क, ड ही उत्तरे प्रत्येकी दहा वेळा येतील अशी विभागणी केली होती, आणि ‘वरीलपैकी सर्व’ हा आळशी पर्याय पेपरात एकदाही वापरला नव्हता.

पानांची मांडणीही मीच करत होते. प्रश्न एका पानावर आणि त्याचा एखादा पर्याय दुसऱ्या पानावर, हा बहुपर्यायी पेपरातला मोठा दोष समजला जातो, कारण घाईत असलेला मुलगा तीनच पर्याय वाचून उत्तर देऊन मोकळा होतो. तेराव्या प्रश्नाचा ‘पतंग’ नेमका पुढच्या पानावर जात होता. परीक्षा विभागाने चार पानांपेक्षा जास्त छापणार नाही असे बजावले होते, म्हणून मी प्रश्न एका ओळीने आखूड केला. पतंग पहिल्या पानावर आला आणि मी समाधानाने पेपर छपाईला दिला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातले प्रमेय होते: समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांचे लंबदुभाजक असतात. चौरस हाही समभुज चौकोनच असतो आणि तो तुकडा गेल्यावर चौरसही तितकाच बरोबर ठरतो, हे माझ्या लक्षात आले नाही. पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्याच्याही आले नाही. त्यांनी तो उत्तरसूची शेजारी ठेवून तपासला होता, आणि उत्तर आधी वाचून प्रश्न तपासला की प्रश्न नेहमी निर्दोषच दिसतो.

आता त्या मुलाविषयी. तो हुशार होता, पण परीक्षेच्या नावाने त्याचे हात गार पडत. लेखी पेपरात तो प्रत्येक पायरी कारणासह लिहीत असे आणि उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळवत असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारले, “बाई, पायऱ्या कुठे लिहायच्या?” पायऱ्या लिहायच्याच नाहीत, कच्चे काम पुस्तिकेत करायचे आणि उत्तरपत्रिकेवर फक्त गोल काळा करायचा, असे मी सांगितले. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, म्हणून मी धीर देण्यासाठी म्हणाले, “अरे, शंका आली तर सरळ सोडून दे, उगाच गुण घालवू नकोस.”

हा सल्ला गणिताच्या शिक्षिकेने द्यावा असा नव्हता. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांपैकी एकदा 3 मिळतात आणि तीनदा 1 जातो, म्हणजे सरासरी शून्य. सोडण्यात आणि ठोकण्यात काही फरक नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून अंदाजाने निवडताना सरासरी 1 गुण हाती लागतो. तेव्हा सोडून देणे हाच तोटा असतो. हे मला येत होते, मी त्याला ते सांगितले नाही.

परीक्षेच्या वेळी मी शंका निरसनासाठी वर्गात फिरत होते. वीसएक मिनिटे झाली असतील, तेव्हा मी त्याच्या बाकाशेजारी आले. त्याचे बोट पहिल्या पानाच्या तळाशी, तेराव्या प्रश्नावर होते. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, घाबरला आहे. मी हळूच म्हणाले, “पुढे चल, वेळ जातोय.” त्याने पान उलटले.

निकाल आला त्यात त्याला 120 पैकी 29 गुण होते. यंत्राने वाचलेल्या उत्तरांची यादी मी मागवली, तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली: पहिल्या बारा प्रश्नांपैकी अकरा बरोबर, आणि तेराव्यापासून पुढे जणू दुसऱ्याच कोणीतरी पेपर लिहिला होता. न येणारा मुलगा पेपरभर विखरून चुकतो. तो असा एका रेषेपाशी कोसळत नाही. मी उत्तरसूची एका कागदी पट्टीवर उतरवली, ती त्याच्या उत्तरांशेजारी ठेवली आणि एक घर वर सरकवली. तेराव्या ओळीपासून एकोणचाळिसाव्या ओळीपर्यंतच्या 27 उत्तरांपैकी 21 जुळली. नुसत्या योगायोगाने साधारण सात जुळली असती. चौदाव्या प्रश्नाचे उत्तर त्याने तेराव्या ओळीत दिले होते आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येक उत्तर एकेक घर वर चढले होते.

त्याची पुस्तिका काढली. प्रत्येक प्रश्नाच्या योग्य वाटलेल्या पर्यायाभोवती पेन्सिलीने गोल होता. तेराव्या प्रश्नापुढे ‘समभुज चौकोन’ आणि ‘चौरस’ या दोहोंवर खुणा, एक प्रश्नचिन्ह, आणि समासात कर्ण काढलेला एक लहानसा चौरस, मधोमध काटकोनाच्या खुणेसह. ओळीची गफलत झाली नसती तर त्याची 32 उत्तरे बरोबर, सात चूक आणि एक सोडलेले ठरले असते. म्हणजे 89 गुण. माझ्या एका कापलेल्या वाक्यांशाने आणि एका घाईच्या वाक्याने साठ गुणांचा खड्डा पडला होता.

मग मी जे आधीच करायला हवे होते ते केले आणि तेराव्या प्रश्नाचे पृथक्करण केले. 74 मुलांपैकी सर्वाधिक गुणांची 20 आणि सर्वांत कमी गुणांची 20 मुले वेगळी काढायची आणि दोन्ही गटांत किती जणांनी अपेक्षित उत्तर दिले ते मोजायचे. दोन्ही संख्यांतील फरकाला 20 ने भागले की प्रश्न जाणणाऱ्याला आणि न जाणणाऱ्याला किती वेगळे करतो ते कळते, 0.3 किंवा अधिक आले तर प्रश्न चांगला मानतात. इथे वरच्या गटातल्या नऊ आणि खालच्या गटातल्या अकरा जणांनी ‘समभुज चौकोन’ निवडला होता. निर्देशांक उणे 0.1. वरच्या गटात आठ जणांनी चौरस निवडला होता आणि तिघांनी प्रश्न सोडला होता. ज्यांनी प्रमेय पाठ केले होते त्यांना गुण मिळाले आणि ज्यांनी आकृती डोळ्यांपुढे आणली ते अडले. निर्देशांक उणे आला की आधी उत्तरसूची आणि मग प्रश्न तपासायचा, हे मी नव्या शिक्षकांना सांगत असते.

खालच्या गटातल्या त्या अकरा जणांत तो मुलगाही होता. चौदाव्या प्रश्नाचे त्याचे उत्तर ‘ब’ होते आणि तेराव्याची उत्तरसूचीही ‘ब’च म्हणत होती. ज्या प्रश्नाने त्याला अडवले, त्याचेच 3 गुण यंत्राने त्याला देऊन टाकले होते.

मी सगळे कागद घेऊन परीक्षा समितीपुढे गेले. समितीने तेरावा प्रश्न रद्द करून सर्वांना 3 गुण दिले. उत्तरपत्रिकेवर काळा केलेला गोल हेच अंतिम उत्तर, पुस्तिकेतील खुणा ग्राह्य नाहीत, हा नियम मात्र जसाच्या तसा राहिला. त्या नियमाचे कारण मला समजते. पुस्तिका पाहायला लागलो तर 74 पुस्तिका पाहाव्या लागतील आणि पेन्सिलीचा गोल केव्हा काढला हे कोणी सांगू शकणार नाही. पण परिणाम असा झाला की ज्यांनी चौरस निवडला त्यांचे 4 गुण वाढले, ज्यांनी प्रश्न सोडला त्यांचे 3 वाढले, आणि तेराव्या ओळीचे 3 गुण आधीच मिळालेले असल्यामुळे त्याचा एकही गुण वाढला नाही. तो 29 वरच राहिला.

मी त्याला बोलावून उत्तरपत्रिका आणि पुस्तिका शेजारी ठेवून दाखवली. शेवटचा प्रश्न सोडवून झाल्यावर चाळिसावी ओळ रिकामी कशी राहिली, याचा विचार आला नाही का, असे विचारले.

“आला ना, बाई,” तो म्हणाला. “पण मी एक प्रश्न सोडला होता. म्हणून एक ओळ रिकामी राहिली असं वाटलं.”

हिशेब जुळत होता. मी त्याच्या जागी असते तर मीही निश्चिंतपणे पेन खाली ठेवले असते.

गुणांविषयी त्याने काही विचारले नाही. पुस्तिकेतल्या समासातल्या चौरसावर बोट ठेवून त्याने एवढेच विचारले, “चौरसही बरोबर होता ना?”

“होता,” मी म्हणाले.

“मग मी तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं.”

त्याने मान वर करून पाहिले होते, हे त्याला आठवत होते की नाही ते मला कळले नाही, आणि मीही त्याला ते सांगितले नाही. पुढच्या पेपरात तो प्रश्न पुन्हा दोन ओळींचा झाला आहे आणि पुस्तिका पाच पानांची.