तळ-शीट, नोंद ७ : १३ मार्चची कांडी का फसवते ते सापडलं

मागच्या नोंदीत गाडी जिथे रुतली होती तिथूनच सुरू करतो. निफ्टीचा मार्च २०२० चा डेटा टाकला की शीट १३ तारखेलाच हिरवी होते, म्हणजे तळ लागला म्हणते, आणि खरा तळ ज्या दिवशी लागला त्या २४ तारखेला व्हॉल्यूमचा रकाना जेमतेम पिवळा. म्हणजे घाबरून विकण्याचा कळस ओळखायला बनवलेली शीट नेमकी कळसालाच थंड. दोष दोन ठिकाणी निघाला. एक निस्तरला, दुसऱ्यासाठी नियमच बदलावा लागला.

पहिला दोष भाजकात होता. आपण आजचं व्हॉल्यूम मागच्या ५० दिवसांच्या सरासरीने भागत होतो. पण घसरण दोन-तीन आठवडे चालली की ते फुगलेले दिवस त्याच सरासरीत येऊन बसतात आणि कळसाचा दिवस स्वतःच्याच गर्दीत बुटका दिसतो. उपाय साधा आहे : सरासरी २० दिवस आधी संपवायची. H मध्ये व्हॉल्यूम असेल तर ७१व्या ओळीत असं लिहा.

```
=H71/AVERAGE(H2:H51)
```

यात दोन गोष्टी सांभाळा. व्हॉल्यूम रुपयांत नको, शेअरच्या संख्येत घ्या. निफ्टी १२,४३० वरून ७,५११ पर्यंत आला तेव्हा तेवढेच शेअर विकले गेले तरी उलाढाल रुपयांत जवळजवळ ४० टक्के कमी दिसणार. (बोनस-स्प्लिट झालेल्या शेअरची जुनी संख्या तेवढ्या पटीने वाढवून घ्या.) दुसरं, १३ आणि २३ मार्चला सकाळीच १० टक्क्यांचं सर्किट लागलं होतं. दुपारी १ च्या आत ते लागलं की ४५ मिनिटं बाजार बंद आणि वर १५ मिनिटांचं प्री-ओपन, म्हणजे ३७५ पैकी ३१५ मिनिटांचाच व्यवहार. त्या दोन दिवसांचं व्हॉल्यूम १.१९ ने गुणा.

डेटाबद्दलही एकदाच बोलून घेतो. इंडेक्सला स्वतःचं व्हॉल्यूम नसतं, तो आकडा ५० शेअरच्या बेरजेतून येतो, आणि फुकटच्या चार्ट ॲपमध्ये तो एकमेकांशी जुळेल याचा भरवसा नाही. एनएसईची `sec_bhavdata_full` भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, उतरवा आणि `TTL_TRD_QNTY` ची बेरीज स्वतः करा. `SERIES` रकान्यात EQ च्या आधी एक रिकामी जागा असते, म्हणून फिल्टर शून्य ओळी देतो. `TRIM` लावा, काम होतं.

हे सगळं केल्यावर २४ मार्च उजळला, पण १३ तारीख हिरवीच राहिली. इथे दुसरा दोष कळला. व्हॉल्यूम फक्त लोक घाबरून विकत होते एवढंच सांगतं, विकून संपले का ते सांगत नाही. १३ मार्चची कांडी, म्हणजे चार्टवरची त्या दिवसाच्या भावांची पट्टी, बघा : नीचांक ८,५५५, उच्चांक १०,१५९, बंद ९,९५५. बंद भाव दिवसाच्या पट्ट्यात वरच्या १३ टक्क्यांत. पुस्तकात छापावी अशी उलटफेराची कांडी, आणि तीन सत्रांत तिचा नीचांकही तुटला.

म्हणून नवा नियम : कळसाच्या दिवसाच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य काढा आणि पुढची तीन सत्रं बंद भाव त्याच्या वर टिकतो का बघा. नुसता नीचांक धरला तर कळायला फार उशीर होतो. मध्य तुटला की कालचे धाडसी खरेदीदार तोट्यात गेले आणि आता तेही विक्रेते झाले, असा अर्थ होतो.

१३ मार्चचा मध्य ९,३५७. सोमवारी १६ तारखेला बंद ९,१९७. बाद, एका दिवसात. पुढे १९ मार्च : नीचांक ७,८३३, उच्चांक ८,५७५, मध्य ८,२०४. २० तारखेला निफ्टी जवळपास ६ टक्के उसळून ८,७४५ वर बंद झाला, आणि ‘आते खाले जाव नही’ म्हणणारे खूप निघाले. २३ तारखेला १३ टक्के पडून बंद ७,६१०. तोही बाद. २४ मार्च : नीचांक ७,५११, उच्चांक ८,०३७, मध्य ७,७७४, बंद ७,८०१. त्यानंतर बंद भाव कधीच मध्याखाली गेला नाही. बाजाराची भीती मोजणारा इंडिया विक्सही इथे ८३ च्या वर बंद झाला; १३ तारखेला तो पन्नाशीच्या आसपास होता. भीतीला अजून वर जायला जागा होती, हे तेव्हाच दिसत होतं.

मग सेकंडरी टेस्ट, म्हणजे उसळीनंतर बाजार परत नीचांकाकडे येतो तेव्हा तो नीचांक टिकतो का ते बघणं. २७ मार्चला उसळी ९,०३९ पर्यंत गेली, ३ एप्रिलला निफ्टी ८,०५६ पर्यंत परत आला. म्हणजे उसळीचा जवळजवळ ६४ टक्के भाग गमावूनही जुना नीचांक ५०० हून जास्त अंकांनी शाबूत. ९ एप्रिलला बंद ९,११२, उसळीच्या माथ्याच्याही वर. तिथे शंका मिटली, पण तळापासून २१ टक्के वर. खात्री हवी तर एवढी किंमत मोजावी लागते.

इथपर्यंत लिहून नोंद संपवणार होतो, पण ७ एप्रिल २०२५ टाकून बघितला आणि बेत बदलला. नीचांक २१,७४४, बंद २२,१६२, मध्याचा नियम पास. पण त्या नीचांकाची टेस्ट झालीच नाही, बाजार सरळ वर निघून गेला. टेस्टची वाट बघणारा बसून राहिला असता. त्यामुळे आता हिशोब दोन भागांत : तीन सत्रं मध्याच्या वर टिकली की अर्धी खरेदी, उरलेली अर्धी टेस्टनंतर किंवा उसळीचा माथा ओलांडल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा.

४ जून २०२४ ही शीट मुद्दाम वगळते. निकालाच्या दिवशी निफ्टी ६ टक्के पडला खरा, पण आदल्या दिवशीच तो विक्रमी उंचीवर बंद झाला होता. आधी किमान १५ टक्के घसरण झालेली असावी ही अट काढू नका, नाहीतर प्रत्येक धक्का कळस दिसेल. आणि १७ जून २०२२ चा १५,१८३ हा तळ शीट पकडतच नाही. विक्स विशीत, आरडाओरड नाही, विक्री हळूहळू आटली. असा तळ या पद्धतीने मिळत नाही, त्यासाठी अटी सैल केल्या तर १३ मार्च परत हिरवा होतो.

भुसावळच्या भाऊंनी विचारलं होतं, स्मॉलकॅपवर हीच शीट चालेल का. इंडेक्ससारखी नाही. रोज ५ टक्क्यांच्या लोअर सर्किटला लॉक होणाऱ्या शेअरमध्ये व्हॉल्यूम नगण्य दिसतं आणि ‘विक्री आटली’ असं वाटतं. रावेरला व्यापारी फिरकलेच नाहीत तर त्या दिवशीच्या खरेदीचा आकडा लहानच दिसणार, पण बागेत केळीचे घड तयार होतच असतात. तसंच हे आहे, विक्रेते रांगेत उभे आहेत. भावकॉपीत `HIGH_PRICE`, `LOW_PRICE` आणि `CLOSE_PRICE` तिन्ही सारखे असतील आणि घसरण बरोबर सर्किटच्या मर्यादेएवढी असेल, तो दिवस मोजूच नका. लॉक पहिल्यांदा सुटतो आणि मोठं व्हॉल्यूम येतं, तिथून मोजणी सुरू करा.

पुढच्या नोंदीत एकच रकाना वाढवतोय : टेस्टच्या दिवसाचं व्हॉल्यूम भागिले कळसाच्या दिवसाचं. ०.७ च्या खाली असेल तर हिरवा. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या मासिक एक्स्पायरीचे दिवस आधी वगळा. २०२० मध्ये एक्स्पायरी गुरुवारी असायची आणि २६ मार्च नेमका तोच दिवस होता. आताच्या डेटात मंगळवार धरा.