तुम्ही विचारलंत म्हणून: बिंदू एक, कामं दोन

“पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत, कसोटीही बरोबर लिहिलीय, मग सिद्धतेचे गुण का कापलेत?”

नववीच्या एका मुलीचा सराव परीक्षेचा पेपर समोर ठेवूनच सांगतो. प्रश्न नेहमीचा: ΔABC मध्ये AB = AC, तर ∠B = ∠C हे सिद्ध करा. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलंय:

रचना: A मधून BC ला लंब AD असा काढा, की BD = DC.

मग ΔABD आणि ΔACD घेऊन BD = DC (रचना), ∠ADB = ∠ADC = 90° (रचना), AD सामाईक. बाकोबा कसोटीनं त्रिकोण एकरूप, म्हणून ∠B = ∠C.

बाकोबा कसोटीत काहीच खोट नाही. दोन बाजू आहेत, कोन त्यांच्या मधलाच आहे. म्हणून मी कसोटीपाशी थांबत नाही, आधी रचनेची ओळ वाचतो. त्या एका ओळीत D कडून दोन कामं करून घेतली आहेत. A मधून BC वर लंब टाकता येतो, तो एकच असतो, आणि तो जिथं पडेल तिथं पडेल. BC चा मध्यही काढता येतो, तोही एकच. पण लंबाचा पाय मध्यावरच पडेल, हे आपण ठरवू शकत नाही. ते त्रिकोण ठरवतो.

हे पटवायला मी नेहमी एकच त्रिकोण काढायला लावतो: AB = १३, BC = १४, CA = १५ सेंटीमीटर. मुलांनी तो कंपासनं काढायचा, A मधून लंब टाकायचा आणि B पासूनचं अंतर मोजायचं. बरोबर ५ येतं, लंबाची लांबी १२. आता कोन A चा दुभाजक काढायचा. तो B पासून साडेसहावर BC ला छेदतो. आणि BC चा मध्य अर्थातच ७ वर. एकाच पायावर तीन वेगळे बिंदू. त्यांना एकच नाव द्यायचं तर आधी AB = AC असल्यानं ते एकत्र येतात, हे दाखवावं लागतं. तिला सिद्ध करायचं होतं ते जवळजवळ हेच.

आता तिची सिद्धता पुन्हा वाचा आणि पक्षातलं AB = AC कुठे वापरलंय ते शोधा. कुठेच नाही. म्हणजे ही सिद्धता चालत असेल तर ती १३-१४-१५ च्या त्रिकोणालाही चालेल, आणि तिथंही ∠B = ∠C असं ‘सिद्ध’ होईल. गृहीत धरलेली गोष्ट पकडायची ही माझी पहिली चाचणी आहे. पक्षातली अट वापरलीच नसेल, तर तिची जागा दुसऱ्या कशानं तरी भरून काढलेली असते, आणि ते बहुतेक वेळा रचनेच्या ओळीत सापडतं. मोठ्या सुबक आकृतीमुळे हे लपतं. आकृती समद्विभुज काढलेली असते, म्हणून लंब मध्यावर पडताना ‘दिसतो’, आणि डोळ्यांना दिसलेलं हातानं कारण म्हणून लिहिलं जातं. म्हणून तपासताना मी कागदाच्या कोपऱ्यात मुद्दाम वाकडातिकडा त्रिकोण काढतो आणि रचनेची ओळ त्यावर करून बघतो.

पण एवढ्यानं भागत नाही. दुसऱ्या एका वहीत असं होतं: कोन A चा दुभाजक AD काढा. AB = AC (पक्ष), AD सामाईक, BD = DC, ‘कारण त्रिकोण समद्विभुज आहे’. म्हणून बाबाबा. इथं पक्ष वापरलाय आणि रचनाही एकाच कामाची आहे. तरी समद्विभुज त्रिकोणात शिरोकोनाचा दुभाजक पायाला दुभागतो, हे साध्यानंतर येणारं विधान आहे. याला दुसरी चाचणी लागते: प्रत्येक ओळीच्या कारणावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे पक्षातून आलं, रचनेतून आलं, की आधी सिद्ध झालेल्या प्रमेयातून? ‘समद्विभुज आहे’ एवढ्यातून फक्त AB = AC मिळतं. याच वहीत BD = DC खोडून ∠BAD = ∠CAD (रचना) लिहिलं असतं, तर बाकोबानं सिद्धता निर्दोष झाली असती.

इथं एक वेगळा दोषही येतो, तो यात मिसळू नये. व्यस्त प्रमेयात ∠B = ∠C दिलेलं असतं. मुलं मध्यगा AD काढतात आणि BD = DC, AD सामाईक, ∠B = ∠C असं लिहून ‘बाकोबा’ म्हणतात. यात साध्य गृहीत धरलेलं नाही, पण कोन त्या दोन बाजूंच्या मधला नाही. तशी कसोटीच नाही, हेही आपल्याच त्रिकोणात दिसतं. लंबाच्या पायापासून C च्या बाजूला ५ सेंटीमीटरवर B′ घ्या. AB′ सुद्धा १३ येते, AC तीच १५, कोन C तोच. पण एका त्रिकोणाचा पाया १४ आणि दुसऱ्याचा ४. व्यस्तासाठी कोनदुभाजक काढा, कोकोबा लागू पडते.

आता सगळ्यात नाजूक भाग. मध्यगा काढून बाबाबानं केलेल्या मूळ प्रमेयाच्या सिद्धतेला मी पूर्ण गुण देतो: D मध्य, BD = DC (रचना), AB = AC (पक्ष), AD सामाईक. कारण शाळेत आपण कसोट्या सिद्ध न करता आधीच स्वीकारलेल्या असतात. पण हीच सिद्धता युक्लिडच्या क्रमात चालणार नाही. त्याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आपलं प्रमेय ५वं विधान आहे. बाबाबा कसोटी ८वं आहे, ते ७व्यावर उभं आहे, आणि ७वं या ५व्यावर. म्हणजे तिथं बाबाबानं समद्विभुजाचं प्रमेय सिद्ध करणं हे गोल फिरणं होईल. कोन दुभागण्याची रचनासुद्धा त्याच्याकडे ९वी, तीही ८व्याच्या आधारानं. म्हणून एखादी सिद्धता वर्तुळात फिरते का, हे फक्त तिच्या ओळी वाचून कळत नाही. आधी काय मान्य झालंय, ती यादीही हातात लागते. पालकांना हे सांगितलं की ते थोडे गोंधळतात, पण खरं तेच आहे.

त्या मुलीला मी पेपर परत दिला तेव्हा तिनं विचारलं, “सर, मग D न काढताच करता येईल का?” येतं. प्राचीन काळी पॅपस या ग्रीक गणितज्ञानं तसंच केलं होतं. ΔABC ची तुलना ΔACB शी करायची, म्हणजे त्याच त्रिकोणाची उलट क्रमानं: AB = AC, AC = AB, मधला कोन A दोन्हीकडे तोच. बाकोबानं एकरूप, आणि संगत कोन म्हणजे B आणि C. तिला ते फसवल्यासारखं वाटलं. म्हणून कागदाचा समद्विभुज त्रिकोण कापला, वहीवर ठेवून पेन्सिलनं कडा आखली, मग कागद पालथा करून त्याच आखणीवर ठेवायला सांगितला. शिरोबिंदू शिरोबिंदूवर बसला, बाजूंची अदलाबदल झाली. पालथ्या कागदाच्या B वर बोट ठेवून ती आखणीतल्या C च्या कोनाकडे बघत राहिली. मग तिनं १३-१४-१५ चा त्रिकोण कापला आणि तोही पालथा करून बघितला. तो आखणीत बसला नाही.